सोसायटीच्या हिशेबात तफावत आणि पार्ट-टाइम अकाउंटंटची सेवासमाप्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या कमिट्यांसाठी आहेत. आठवड्यातून दोन-तीनदा येऊन पावत्या, व्हाउचर, मेंटेनन्सची बिले आणि टॅलीतल्या नोंदी सांभाळणारा, दरमहा ठरलेली फी घेणारा अकाउंटंट इथे गृहीत धरला आहे. पूर्णवेळ पगारी कर्मचाऱ्याच्या बाबतीत काही उत्तरे बदलतात. तो फरक त्या त्या ठिकाणी सांगितला आहे.

तफावत दिसली. लगेच अकाउंटंटला काढून टाकायचे का?

नाही. आधी कागद, पैसा आणि पासवर्ड सोसायटीच्या ताब्यात घ्यायचे, मग तफावत मोजायची, मग त्याचे म्हणणे ऐकायचे आणि त्यानंतर सेवा संपवायची. हा क्रम उलटा झाला की पहिली अडचण कागदांची येते. "उद्यापासून येऊ नका" असे फोनवर सांगून टाकले, तर पावती पुस्तके त्याच्या घरी, टॅलीचा डेटा त्याच्या लॅपटॉपवर आणि ओटीपी त्याच्या मोबाइलवर, अशी अवस्था होते. पुढचे कित्येक महिने कमिटी स्वतःचाच हिशेब त्याच्याकडे मागत बसते.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. सेवा संपवणे आणि अपहार सिद्ध करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यासाठी नेमणूक पत्रातली अट आणि कमिटीचा ठराव पुरतो. दुसऱ्यासाठी पुरावा लागतो आणि ते ठरवण्याचा अधिकार कमिटीकडे नसतो. बहुतेक सोसायट्या ही दोन्ही कामे एकाच पत्रात उरकायला जातात आणि तिथेच अडकतात.

आमची तफावत ही चूक आहे की गैरव्यवहार, हे कसे ओळखायचे?

फक्त आकड्यावरून ते कळत नाही. तफावत कोणत्या जागी आहे ते पाहा. सभासदाने ऑनलाइन पैसे भरले, फ्लॅट नंबर लिहिला नाही आणि रक्कम सस्पेन्स खात्यात पडून राहिली, तर सभासदाच्या खात्यावर थकबाकी दिसते, पण पैसा बँकेत असतो. ए विंग 302 ची रक्कम बी विंग 302 ला जमा झाली, तर एकाचे वाढते आणि दुसऱ्याचे कमी होते, एकूण मात्र जुळते. मागच्या वर्षीच्या लेखापरीक्षित ताळेबंदातली अखेरची शिल्लक या वर्षी चुकीची ओढली गेली, तरीही पैसा जागच्या जागी असतो. या तिन्ही चुका निष्काळजीपणाच्या आहेत. त्यासाठी सेवा संपवता येते, पण कोणावर आरोप करता येत नाही.

पैसा सोसायटीबाहेर गेल्याची खूण वेगळी असते. पावतीची स्थळप्रत आहे पण रक्कम रोकड वहीत नाही. व्हाउचर आहे पण बिल नाही. एकच बिल दोन महिन्यांत दोनदा दिले गेले आहे. टीडीएस कापल्याची नोंद आहे, पण भरल्याचे चलन नाही. रोख एक तारखेला आली आणि बँकेत पंचवीस दिवसांनी भरली, तेही दर महिन्याला. असे दिसले, तर प्रत्येक नोंद मूळ कागदापर्यंत तपासायला हवी.

पहिल्या दोन दिवसांत काय ताब्यात घ्यायचे?

सर्वात आधी बँक. अकाउंटंटला सहीचा अधिकार बहुधा नसतोच, पण नेट बँकिंगचा युजर आयडी, कोरी चेकबुके आणि आधीच सही करून ठेवलेले चेक त्याच्याकडे असू शकतात. सह्या केलेल्या कोऱ्या चेकचे नंबर काढून बँकेला 'स्टॉप पेमेंट'चे लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. नेट बँकिंगचा पासवर्ड बदला. बँकेकडून चालू आणि मागच्या आर्थिक वर्षाचे स्टेटमेंट थेट सोसायटीच्या ईमेलवर मागवा. अकाउंटंटने काढून दिलेली प्रत वापरू नका.

दुसरा क्रमांक डेटाचा. टॅलीचा पूर्ण बॅकअप दोन पेन ड्राइव्हवर घ्या, ते सीलबंद करा आणि पाकिटावर तारीख, वेळ व दोन कमिटी सदस्यांच्या सह्या घ्या. डेटाला TallyVault चा पासवर्ड असेल तर तो त्याच बैठकीत लिहून घ्या आणि समोर उघडून पाहा, कारण हा पासवर्ड हरवला तर डेटा परत उघडता येत नाही. टॅलीच्या प्रतीत Edit Log चालू असेल, तर कोणते व्हाउचर कधी बदलले किंवा खोडले ते त्यात दिसते. म्हणून बॅकअप घेण्याआधी त्या डेटात कोणीही दुरुस्ती करू नये. "चूक दिसली म्हणून नीट करून टाकली", असे खजिनदाराने चांगल्या हेतूने केले, तरी पुराव्याची किंमत कमी होते.

तिसरी गोष्ट मोबाइल नंबरची, आणि ती हमखास विसरली जाते. आयकर पोर्टलवर टॅनची नोंदणी, जीएसटीची नोंदणी असल्यास ते पोर्टल, मेंटेनन्स बिलिंगचे अ‍ॅप आणि सोसायटीचा ईमेल या सगळ्यांना अनेकदा अकाउंटंटचाच नंबर जोडलेला असतो. तो कामावर असतानाच, समोर बसवून, नंबर बदलून घ्या. नंतर हे काम कागदपत्रे पाठवून करावे लागते आणि दरम्यान टीडीएसचे तिमाही विवरणपत्र चुकले, तर दिवसाला 200 रुपये विलंब शुल्क सोसायटीलाच लागते.

पावती पुस्तके आणि व्हाउचर फायली कशा घ्याव्यात?

मोजून आणि नंबर लिहून. "सर्व पावती पुस्तके मिळाली" हे वाक्य निरुपयोगी आहे. "पावती पुस्तक क्र. 23, पावती 1101 ते 1150, वापरलेल्या 1101 ते 1138, कोऱ्या 1139 ते 1150, रद्द 1117 (मूळ प्रत जोडलेली)" अशी यादी हवी. रद्द पावतीची मूळ प्रत पुस्तकाला जोडलेली नसेल तर ती रद्द झाली असे धरू नका. त्या सभासदाला विचारा. छापखान्याच्या बिलावरून एकूण किती पुस्तके छापली गेली ते काढा आणि हातात आलेल्या पुस्तकांशी जुळवा. यादीत नसलेले एखादे पुस्तक निघाले, तर रोख वसुलीचा मोठा भाग त्यात असू शकतो.

तफावत नेमकी कशी मोजायची? एक उदाहरण द्याल का?

समजा सोसायटीत काही सभासद अजून रोखीने मेंटेनन्स भरतात, शिवाय हॉलचे भाडे आणि शिफ्टिंग चार्ज रोख येतो. एप्रिल ते सप्टेंबर हा सहा महिन्यांचा हिशेब घेतला. 1 एप्रिलची रोख शिल्लक 2,800 रुपये. 30 सप्टेंबरला पेटी मोजली, 3,450 रुपये निघाले. टॅलीतल्या रोकड वहीतही 3,450 रुपयेच. कमिटीला वाटले, सगळे जुळते.

पण रोकड वही अकाउंटंट लिहितो आणि पेटीही तोच सांभाळतो. वहीत न लिहिलेला पैसा पेटीत नसला, तर दोन्ही जुळणारच. म्हणून मोजणी वहीपासून नको, स्थळप्रतींपासून हवी.

रोख पावत्यांच्या सर्व स्थळप्रतींची बेरीज केली, ती आली 1,86,400 रुपये. बँकेच्या स्टेटमेंटप्रमाणे रोख भरणा झाला 1,41,000. बिल जोडलेला किरकोळ खर्च 22,150. म्हणजे पेटीत किती हवेत? 2,800 अधिक 1,86,400, वजा 1,41,000, वजा 22,150. उत्तर 26,050. प्रत्यक्षात आहेत 3,450. तूट 22,600 रुपये.

आता ही तूट कुठे लपली ते शोधायचे. प्रत्येक स्थळप्रत टॅलीतल्या नोंदीशी ताडून पाहिल्यावर दोन पावत्या, मिळून 6,100 रुपयांच्या, वहीत आल्याच नव्हत्या. ज्या सभासदांनी ते पैसे भरले त्यांच्या खात्यावर थकबाकी दिसत होती, पण त्यांना थकबाकीचे पत्र कधी गेलेच नाही. उरलेले 16,500 रुपये "पाइपलाइन दुरुस्ती" या नावाने चार व्हाउचरमध्ये खर्ची टाकलेले होते. व्हाउचरवर प्लंबरची सही नाही, बिल नाही आणि खर्च मंजूर केल्याची कोणाची सहीही नाही. 6,100 आणि 16,500 मिळून 22,600. तूट शेवटच्या रुपयापर्यंत उलगडली.

असा उलगडा होईपर्यंत "अफरातफर झाली" हे शब्द इतिवृत्तात घालू नका. "एवढ्या रकमेचा खुलासा आवश्यक आहे" एवढेच लिहा.

ही तपासणी कोणी करावी?

ज्याने त्या व्हाउचरवर सह्या केल्या त्याने तरी करू नये. खजिनदार कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या सहीचे व्हाउचर तपासात असताना त्याने बाजूला राहणे त्याच्याच हिताचे आहे. कमिटीतले दोन सदस्य आणि हिशेब कळणारा एखादा सभासद पुरेसा होतो. रक्कम मोठी असेल किंवा प्रकरण मागच्या वर्षांत जात असेल, तर बाहेरच्या सनदी लेखापालाकडून अंतर्गत तपासणी करून घ्यावी.

वैधानिक लेखापरीक्षक ही वेगळी व्यक्ती आहे. त्याची नेमणूक सर्वसाधारण सभा शासनमान्य नामतालिकेतून करते, अकाउंटंटला कमिटी नेमते. त्यामुळे अकाउंटंटला कमिटी काढू शकते, लेखापरीक्षकाला नाही. तफावत सापडल्याचे लेखापरीक्षकाला मात्र लेखी कळवा.

अकाउंटंटला खुलाशाची संधी देणे बंधनकारक आहे का? पुरावा समोर असताना कशाला?

फी घेणाऱ्या व्यावसायिकाच्या करारात नोटीस देऊन सेवा संपवण्याची अट असेल, तर कारण देण्याची गरज सहसा नसते. तो मस्टरवर सही करणारा, रजा आणि बोनस घेणारा कर्मचारी असेल आणि गैरवर्तनासाठी काढायचे असेल, तर आरोपपत्र व खात्यांतर्गत चौकशी लागते. तिथे कामगार कायद्याच्या वकिलाशिवाय पाऊल टाकू नका.

पण बंधन नसले तरी खुलासा मागाच, कारण त्याने आकडा बदलतो. वरच्याच उदाहरणात सात दिवसांची मुदत देऊन, व्हाउचर आणि पावत्यांचे नंबर लिहून पत्र दिले असे धरा. उत्तरात अकाउंटंटने प्लंबरच्या सहीची 9,000 रुपयांची पोच दिली. कमिटीने प्लंबरला विचारले, त्याने तेवढी रक्कम मिळाल्याचे लिहून दिले. आता बिनपुराव्याचा खर्च 7,500 राहिला. वहीत न घेतलेल्या 6,100 वर उत्तर आले नाही. म्हणजे मागायची रक्कम 22,600 नव्हे, 13,600 रुपये. खुलासा न घेता 22,600 चा दावा लावला असता, तर ती एकच पोच दाखवून समोरच्याने बाकीच्या दाव्यावरही शंका उभी केली असती.

खुलासा लेखीच घ्या. तोंडी बोलणे झाले, तर त्याच दिवशी मुद्दे लिहून त्याची सही घ्या. सही द्यायला नकार दिला, तर तसे नोंदवून हजर असलेल्या दोघांनी सह्या कराव्यात. दमदाटी करून, रात्री उशिरापर्यंत बसवून घेतलेली कबुली पुढे उपयोगी पडत नाही, उलट कमिटीवरच तक्रार होऊ शकते.

कमिटीचा ठराव कसा लिहावा?

रीतसर नोटीस काढून घेतलेल्या, गणपूर्ती असलेल्या सभेत. मजकूर साधारण असा:

"संस्थेचे अर्धवेळ अकाउंटंट श्री. ____ यांच्या दिनांक ____ च्या नेमणूक पत्रातील अट क्र. ____ नुसार त्यांना एक महिन्याची नोटीस देऊन त्यांची सेवा दिनांक ____ पासून संपवण्यात यावी. नोटीस काळात त्यांनी रोख स्वीकारू नये व हिशेबात नवीन नोंद करू नये. त्यांनी सोबतच्या यादीप्रमाणे दप्तर सचिवांकडे सुपूर्द करावे. एप्रिल ते सप्टेंबर या काळातील रोख व्यवहारांची तपासणी स्वतंत्रपणे चालू राहील. त्यातून निघणाऱ्या रकमेबाबत संस्थेचे हक्क राखून ठेवण्यात येत आहेत."

शेवटचे वाक्य टाळू नका. ते नसेल, तर पुढे वसुली मागताना "तुम्ही तर कोणतीही तक्रार न ठेवता मला मोकळे केले" असा बचाव येतो. नेमणूक पत्रच नसेल, जे फार ठिकाणी नसते, तर अटीचा उल्लेख न करता वाजवी नोटीस द्या. एक महिना सर्वसाधारणपणे वाजवी मानला जातो. नोटीस काळात त्याने यायला नको असेल, तर त्या महिन्याची फी देऊन त्याला कामातून मोकळे करता येते.

सेवासमाप्तीच्या पत्रात कारण लिहावे का?

अट नोटीस देऊन सेवा संपवण्याची असेल, तर कारण लिहू नका. ठराव क्रमांक, शेवटची तारीख, दप्तर परत करण्याची तारीख, यादी, हक्क राखून ठेवल्याचे वाक्य, एवढ्यावर पत्र संपवा. तफावतीबद्दलचा पत्रव्यवहार वेगळ्या पत्राने, वेगळ्या जावक क्रमांकाने करा. पत्र हाती देऊन पोच घ्या, शिवाय पोचपावतीसह स्पीड पोस्टने आणि ईमेलनेही पाठवा.

त्याची बाकी फी अडवून ठेवायची का?

दप्तर मिळेपर्यंत शेवटच्या महिन्याची फी थांबवणे करारात असेल तर ठीक. पण तूट परस्पर फीमधून कापून घेऊ नका. समजा फी 6,000 आहे आणि सोसायटीचे म्हणणे 13,600 येणे आहे असे आहे. त्याची लेखी संमती असेल, तर 6,000 वळते करून 7,600 ची वसुली धरा. संमती नसेल, तर फी देणे आणि तूट येणे या दोन स्वतंत्र नोंदी ठेवा. कर्मचारी असेल तर पगारातून कपातीला कायद्याच्या मर्यादा आहेत.

त्याने रक्कम भरायची तयारी दाखवली तर ती चेकने किंवा बँक ट्रान्सफरने घ्या आणि पावती द्या. पावतीवर "प्रकरण पूर्ण मिटले" असे लिहू नका. पुढच्या तपासणीत आणखी काही निघू शकते.

पोलिसात तक्रार, उपनिबंधक कार्यालय, सहकार न्यायालय: नेमके कुठे जायचे?

तिन्ही ठिकाणची कामे वेगळी आहेत. पैसा वळता केल्याचा आणि खोट्या नोंदींचा पुरावा असेल, तर पोलिसात तक्रार देता येते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत विश्वासघातासाठी कलम 316 आणि हिशेबात खोट्या नोंदी करण्यासाठी कलम 344 आहे. तक्रारीसोबत स्थळप्रती, बँक स्टेटमेंट, व्हाउचर आणि खुलाशाचा पत्रव्यवहार यांच्या प्रती द्या. मूळ कागद मागितले, तर जप्तीची यादी घेऊनच द्या.

लेखापरीक्षणात हिशेबाशी संबंधित गुन्हा दिसला, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 81 प्रमाणे लेखापरीक्षकाने लेखापरीक्षण अहवाल दिल्यापासून 15 दिवसांत निबंधकांना विशेष अहवाल द्यायचा असतो, आणि त्यांच्या लेखी परवानगीनंतर गुन्हा नोंदवायचा असतो. लेखापरीक्षकाने दाखवलेल्या दोषांवर संस्थेने काय केले ते कलम 82 खालच्या दोषदुरुस्ती अहवालात तीन महिन्यांत कळवावे लागते. अकाउंटंटला काढले हे त्यात पुरेसे उत्तर नाही. तुटीची नोंद कशी केली आणि वसुलीसाठी काय केले, तेही लिहावे लागते.

पैसे वसूल करण्यासाठी मात्र दिवाणी मार्ग लागतो. संस्थेच्या आजी-माजी सेवकाशी किंवा एजंटशी असलेला वाद कलम 91 खाली सहकार न्यायालयात नेता येतो. बाहेरचा व्यावसायिक त्या व्याख्येत बसतो का, हे नेमणूक पत्र दाखवून वकिलाकडून ठरवून घ्या. चुकीच्या ठिकाणी दावा लावला, तर मुदतीचा प्रश्न उभा राहतो.

सभासदांना काय सांगायचे?

खरे, पण मोजके. नोटीस बोर्डावर एवढे पुरते: "संस्थेचे अर्धवेळ अकाउंटंट दिनांक ____ पासून संस्थेचे काम पाहत नाहीत. त्यांच्याकडे कोणतीही रक्कम देऊ नये. सर्व सभासदांनी एप्रिलपासून भरलेल्या रोख रकमांच्या पावत्यांची प्रत ____ तारखेपर्यंत कार्यालयात द्यावी." दुसरे वाक्य फार महत्त्वाचे आहे, कारण सवयीने त्याच्या हातात रोख देणारे सभासद असतात. तिसऱ्या वाक्यातून अशा पावत्या पुढे येतात ज्यांची स्थळप्रतच सोसायटीकडे नाही, आणि मग वरच्या हिशेबातली तूट वाढते.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचे नाव घालून "चोर", "भामटा" लिहिणे थांबवा. सिद्ध न झालेला आरोप पसरवल्याबद्दल बदनामीची तक्रार लिहिणाऱ्यावर होऊ शकते. सविस्तर आकडे सर्वसाधारण सभेत, तपासणी अहवालासह मांडा.

ज्यांचे पैसे वहीत आले नाहीत त्या सभासदांनी परत भरायचे का?

नाही. संस्थेची छापील पावती त्याच्या हातात आहे, म्हणजे पैसा संस्थेला मिळाला. त्याच्या खात्यावर रक्कम जमा दाखवा, त्यावर लावलेले व्याज उलटवा आणि तेवढी रक्कम "अकाउंटंटकडून येणे (वादग्रस्त)" अशा खात्यावर दाखवा. तूट किरकोळ खर्चात मिसळून टाकू नका. तसे केले, तर ताळेबंदातून येणेच नाहीसे होते आणि वसुलीचा दावा कमकुवत होतो.

नवीन अकाउंटंटने कुठून सुरुवात करावी?

जुन्या डेटात दुरुस्त्या करून नव्हे. सीलबंद बॅकअप तसाच ठेवून त्याच्या प्रतीवर काम सुरू करावे. आरंभीची शिल्लक मागच्या लेखापरीक्षित ताळेबंदाशी जुळवावी, सर्व दुरुस्त्या आजच्या तारखेच्या जर्नल व्हाउचरने, कारण लिहून कराव्यात. प्रत्येक सभासदाला त्याच्या खात्याचा उतारा पाठवून पंधरा दिवसांत हरकत मागवावी.

आणि कामाची विभागणी बदला. पावती फाडणारा, रोख बँकेत भरणारा आणि वहीत नोंद करणारा एकच माणूस नसावा. रोख आली की उपविधीत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त हातात न ठेवता बँकेत जावी. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खजिनदाराने स्वतः नेट बँकिंगमधून स्टेटमेंट काढून बँक ताळमेळ पत्रकावर सही करावी, आणि स्थळप्रतींची बेरीज भरणा स्लिपांशी ताडावी. ज्या महिन्यात हे झाले नाही, त्या महिन्याचा हिशेब कमिटीच्या सभेत मंजुरीला ठेवू नये.